‘अं’ काढा, श्वास ठेवा

समोर बसून व्याख्यान ऐकणाऱ्याला वक्त्याचे ‘अं’ फारसे ऐकू येत नाहीत. त्याचे हात हलताना दिसतात, नजर टिपणांकडे गेलेली कळते, तो आठवतोय हे चेहऱ्यावर वाचता येतं आणि थांबण्याचं कारण आपोआप समजतं. तेच व्याख्यान दुसऱ्या दिवशी बसमध्ये कानात इअरफोन घालून ऐकलं, की चेहरा नाहीसा होतो आणि प्रत्येक ‘अं’, ‘म्हणजे’, ‘काय आहे ना’ ठळक होतो. सभागृहात दोन सेकंदांची वाटलेली शांतता कानाला पाच सेकंदांची वाटते. म्हणूनच व्याख्यानमाला, साहित्य संमेलनातले परिसंवाद, गावच्या वाचनालयातली भाषणं ध्वनिफितीच्या रूपात लोकांपुढे ठेवायची झाली, की कुणीतरी संगणकासमोर बसून त्यातला पसारा आवरतं. वक्ता तरतरीत वाटेल आणि तरी माणूसच वाटेल, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. यातला पहिला भाग सोपा आहे.

दुसरा भाग बिघडतो तो बहुतेक वेळा अतिउत्साहाने. सगळे ‘अं’ गेले, सगळ्या शांतता गेल्या आणि उरलेलं भाषण असं काही धावू लागतं की ऐकणाऱ्यालाच धाप लागते. चूक कुठे झाली हे त्याला सांगता येत नाही. ‘फार घाईत बोलतात हो’ एवढंच तो म्हणतो. वक्ता मात्र मुळात सावकाशच बोललेला असतो.

असं का होतं हे कळायला आधी ‘अं’ तिथे काय करत होता ते पाहावं लागतं. मॅक्ले आणि ऑसगूड या अमेरिकी अभ्यासकांनी १९५९ मध्येच बोलण्यातल्या अडखळण्याचे चार प्रकार वेगळे केले होते: ‘अं’सारख्या आवाजाने भरलेला विराम, नुसता रिकामा विराम, शब्दाची पुनरावृत्ती आणि सुरू करून अर्धवट सोडलेलं वाक्य. २००२ मध्ये हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री यांनी इंग्रजी संभाषणं तपासून दाखवलं की तिथले दोन नेहमीचे उद्गार अदलाबदलीचे नाहीत. एकानंतर छोटा विराम येतो, दुसऱ्यानंतर लांब. म्हणजे बोलणारा नकळत ‘थोडं थांबा’ किंवा ‘जरा जास्त थांबा’ असं कळवत असतो. त्याहून चकित करणारा प्रयोग फ्रॉन्डॉर्फ आणि वॉटसन यांचा, २०११ मधला. गोष्ट ऐकून ती पुन्हा सांगायची होती. ज्यांनी मधूनमधून असे उद्गार असलेली गोष्ट ऐकली त्यांना ती अधिक नीट आठवली. त्याच जागी तेवढ्याच लांबीचे खोकले घातले, तेव्हा मात्र आठवण बिघडली.

हे प्रयोग इंग्रजीतले आहेत आणि त्यावरून ‘अं’ला अभय द्यावं असं कुणी म्हणणार नाही. एका मिनिटात दहा वेळा आला तर तो खोकल्याहूनही त्रासदायक. पण संकलकाने त्यातून एक गोष्ट घ्यावी. ‘अं’ हा आवाज म्हणून नकोसा असला, तरी त्याने व्यापलेला वेळ ऐकणाऱ्याच्या उपयोगाचा असतो. मागचं वाक्य तेवढ्यात मनात बसतं, पुढच्यासाठी कान तयार होतो. त्यामुळे चांगला संकलक आवाज काढतो आणि त्याच्या वेळेतला काही भाग शांततेच्या किंवा श्वासाच्या रूपात परत देतो. या लेखात पुढे जे येतं ते बहुतेक याच एका हिशेबाचं आहे.

फितीच्या काळात हा हिशेब सेंटिमीटरमध्ये होई. नभोवाणी केंद्रांवर पाव इंच रुंदीची चुंबकीय फीत साधारणपणे सेकंदाला साडेसात इंच, म्हणजे १९ सेंटिमीटर, या वेगाने चाले. अर्ध्या सेकंदाचा ‘अं’ म्हणजे साडेनऊ सेंटिमीटर फीत. संकलक दोन्ही चकत्या हाताने मागेपुढे फिरवून त्या आवाजाची सुरुवात आणि शेवट शोधायचा, फितीच्या पाठीवर पेन्सिलीने खुणा करायचा, खाचेत फीत बसवून ब्लेडने कापायचा आणि दोन टोकं चिकटपट्टीने जोडायचा. काप उभा नसे, तिरका असे, बहुधा ४५ अंशांचा. त्यामुळे फीत यंत्रावरून जाताना जुना आवाज हळूहळू मावळे आणि नवा हळूहळू उगवे. पाव इंचाच्या फितीवर आणि या वेगाला ही सरमिसळ एका सेकंदाच्या सुमारे तिसाव्या भागाएवढी चाले. आज संगणकावर दोन तुकड्यांच्या जोडावर १० ते ३० मिलिसेकंदांचा ‘क्रॉसफेड’ देतात तो याच तिरक्या कापाचा वारस. तो नसेल तर जोडावर बारीकसा ‘टक्’ ऐकू येतो, कारण ध्वनिलहर एका उंचीवर तुटते आणि भलत्याच उंचीवर पुन्हा सुरू होते. ब्लेडचा आणखी एक फायदा होता: प्रत्येक कापाला मेहनत पडे, त्यामुळे कापायचं का, याचा विचार आधी होई.

आता प्रत्यक्ष एक तुकडा घेऊ. समजा, पुण्यातल्या एका वाचनालयात वयस्क वक्ता पानशेतच्या पुरावर बोलतो आहे. १२ जुलै १९६१ रोजी धरण फुटलं तेव्हा तो शाळकरी मुलगा होता. त्याच्या बोलण्याचा हा २७ सेकंदांचा भाग:

‘तर… अं… बारा जुलैला, म्हणजे एकसष्ट सालच्या बारा जुलैला, सकाळी… अं… सकाळीच पानशेत फुटलं. (अडीच सेकंद शांतता) आणि मग अं म्हणजे आम्ही गच्चीवर गेलो, तर लकडी पुलावरून पाणी चाललेलं. (चार सेकंद शांतता) आमच्या वाड्याची मागची भिंत… (दीड सेकंद) ती नव्हतीच.’

हा तुकडा ऑडॅसिटीसारख्या मोफत संपादकात उघडला की पडद्यावर आवाजाचा आलेख दिसतो. ‘अं’ त्यात ओळखू येतो: सपाटसर, एकसारख्या जाडीचा पट्टा, कारण त्यात व्यंजनांची चढउतार नसते. सुरुवातीला ‘तर’ संपल्यावर पाऊण सेकंद शांतता, मग अर्ध्याहून थोडा जास्त वेळ ‘अं’, मग वक्त्याने घेतलेला श्वास आणि मग ‘बारा’. इथे शांतता आणि ‘अं’ दोन्ही काढायचे, श्वास मात्र ठेवायचा. ‘तर’, श्वास, ‘बारा जुलैला’. जवळजवळ एक सेकंद आणि वर एक तृतीयांश सेकंद वाचला, तरी वाक्याला सुरुवात असल्यासारखी वाटते. श्वासही कापला तर ‘तर’ आणि ‘बारा’ एकमेकांवर आदळतात. नवखा संकलक श्वासाला कचरा समजतो. कान त्याला पुढच्या वाक्याची चाहूल समजतो. उलट चूकही होते: ‘अं’च्या आधी एक श्वास आणि नंतर एक असला, तर मधला ‘अं’ काढल्यावर दोन श्वास पाठोपाठ ऐकू येतात आणि वक्त्याला दमा असावा असं वाटतं. अशा वेळी त्यातला एक काढायचा, शक्यतो आधीचा, कारण दुसरा पुढच्या शब्दाला चिकटलेला असतो.

पुढे ‘बारा जुलैला, म्हणजे एकसष्ट सालच्या बारा जुलैला’. इथे हात शिवशिवतात. पहिलं ‘बारा जुलैला, म्हणजे’ उडवलं तर वाक्य छापील होईल: ‘तर एकसष्ट सालच्या बारा जुलैला’. कागदावर ते उत्तम, कानाला चुकीचं. वक्त्याने दुसऱ्यांदा म्हणताना जोर ‘एकसष्ट’वर दिला आहे आणि ‘बारा जुलैला’ खालच्या पट्टीत उरकलं आहे, कारण ते एकदा सांगून झालं होतं. पहिलं काढलं की ऐकणाऱ्याला वाटतं, बासष्ट सालच्या बारा जुलैशी काही तुलना चालली आहे. इथला ‘म्हणजे’ भरतीचा नाही, खुलाशाचा आहे. तो राहतो.

मराठीत हा प्रश्न सतत येतो. ‘म्हणजे’, ‘तर’, ‘मग’, ‘ना’ हे कधी वाक्याचे सांधे असतात, कधी नुसती सवय. शब्द पाहून निर्णय घेता येत नाही. तो काढून वाक्य मोठ्याने म्हणून पाहायचं आणि अर्थ किंवा सूर हलला तर परत ठेवायचा. ‘बेसिकली’ आणि ‘ॲक्च्युअली’ यांच्याबाबत मात्र फारसं हळवं होण्याची गरज पडत नाही.

‘सकाळी… अं… सकाळीच’ हा संकलकाला मिळालेला प्रसाद आहे. दोन्ही शब्द ‘स’ने सुरू होतात आणि ‘स’ हा नुसत्या हवेचा आवाज आहे, त्यात कंठातला सूर नाही. पहिल्या ‘स’च्या तोंडापासून दुसऱ्या ‘स’च्या तोंडापर्यंतचा भाग कापला, तर जोड हवेत हवा मिसळल्यासारखा लपतो. ‘श’लाही हे लागू आहे. ‘क’, ‘ट’, ‘प’ यांच्या उच्चाराआधी तोंड क्षणभर पूर्ण बंद होतं, त्या चिमुकल्या शांततेतही काप सहज दडतो. शब्द अर्ध्यात सोडून पुन्हा घेतला असेल, तर दुसरा ठेवावा हेच बहुतेक वेळा बरं, कारण तो वक्त्याने ठरवून म्हटलेला असतो आणि पुढच्या शब्दांशी त्याचा सूर जुळतो. इथे आणखी दीडेक सेकंद कमी झाला.

खरी पंचाईत ‘आणि मग अं म्हणजे आम्ही’ इथे आहे. इथला ‘अं’ही नको आणि ‘म्हणजे’ही नको, कारण काहीच खुलासा होत नाही. पण ‘म्हणजे’तला ‘ए’ थेट ‘आम्ही’च्या ‘आ’त वाहत गेला आहे. मधे तोंड बंद झालं नाही, सूर तुटला नाही. अशा जागी कापलं तर ‘आ’ची सुरुवात तुटकी ऐकू येते आणि आवाजाची पट्टी अचानक उडी मारते. क्रॉसफेड टिचकी लपवतो, पट्टीतली उडी लपवत नाही. म्हणून तडजोड करायची: ‘अं’ काढायचा, कारण त्याच्यामागून ‘म’साठी ओठ मिटतात आणि तिथे काप बसतो, आणि ‘म्हणजे’ राहू द्यायचा. ‘आणि मग म्हणजे आम्ही गच्चीवर गेलो’ असं माणसं बोलतातच. न निघणारा उद्गार ओढून काढण्यापेक्षा ठेवणं केव्हाही चांगलं. खराब जोड ‘अं’हून जास्त लक्ष वेधतो.

राहिल्या शांतता. ‘पानशेत फुटलं’नंतरची अडीच सेकंदांची शांतता मोठ्या बातमीनंतरची आहे. ती पावणेदोन, दोन सेकंदांवर आणली तरी बिघडत नाही. ‘पाणी चाललेलं’नंतरचे चार सेकंद आणि ‘भिंत’नंतरचे दीड सेकंद यांना हात लावायचा नाही. तिथे वक्ता शब्द शोधत नाहीये. ते दृश्य त्याच्यासमोर आहे. एकूण २७ सेकंदांच्या तुकड्यातून जेमतेम चार सेकंद गेले. पाऊण तासाच्या व्याख्यानात हेच प्रमाण राहिलं तर सहा-सात मिनिटं कमी होतात आणि काय गेलं हे कुणाच्या लक्षात येत नाही.

शोधाचा विराम आणि परिणामाचा विराम ओळखण्याची एक खूण आहे. वाक्य पूर्ण होऊन, आवाज खाली उतरून आलेली शांतता सहसा श्रोत्यांसाठी असते. वाक्याच्या मध्येच, आवाज टांगलेला ठेवून आलेली शांतता सहसा वक्त्याची अडचण असते. सहसाच. अटलबिहारी वाजपेयी वाक्याच्या मध्यावर थांबत आणि सभा श्वास रोखून पुढच्या शब्दाची वाट पाहत असे. त्यांच्या भाषणातल्या त्या शांतता कापणारा माणूस भाषणच कापेल. पु. ल. देशपांडे यांच्या कथाकथनातही विनोदाच्या शेवटच्या शब्दाआधीची अगदी छोटी थांबण्याची जागा अशीच आहे. पाव सेकंद कमी करा, हशा निम्म्यावर येईल. वर ‘भिंत… ती नव्हतीच’ हेही याच जातीचं आहे, फक्त तिथे हशा नाही. म्हणून कुठल्याही वक्त्याचं संकलन सुरू करण्याआधी त्याची पहिली दहा-पंधरा मिनिटं काही न कापता ऐकावीत. तो एरवी कसा थांबतो हे कळल्याशिवाय कुठला विराम जास्तीचा, हे ठरवता येत नाही.

हे सगळं एका फटक्यात करून देणारी आज्ञाही असते. ऑडॅसिटीत तिचं नाव Truncate Silence. आवाज किती खाली गेला की त्याला शांतता म्हणायचं आणि किती वेळापेक्षा लांब शांतता छाटायची, हे दोन आकडे तिला द्यायचे. सरळ छाटायला सांगितलं तर ती सगळे लांब विराम एकाच मापाचे करते. अर्ध्या सेकंदाचं माप दिलं तर पूर आल्यानंतरचा विरामही अर्धा सेकंद आणि पाण्याचा घोट घेतानाचाही अर्धा सेकंद. ऐकणाऱ्याला धाप लागते ती बहुतेक इथेच. दुसरा धोका खास मराठीचा. आपली क्रियापदं वाक्याच्या शेवटी येतात आणि दमलेला वक्ता ‘आहे’, ‘होतं’, ‘म्हणाले’ हे शब्द अगदी पुटपुटतो. शांततेची रेषा वर ठेवली तर यंत्र ‘हे’ आणि ‘तं’लाही शांतता समजून खातं. मग ‘तिथे मोठं देऊळ हो’ अशी वाक्यं तयार होतात.

त्याच आज्ञेत दुसरी सोय आहे: छाटण्याऐवजी आकसणे. एक सेकंद माप आणि पन्नास टक्के असं ठरवलं, तर एका सेकंदापर्यंतच्या शांततेला धक्का लागत नाही आणि त्यावरचा भाग निम्मा होतो. तीन सेकंदांचा विराम दोनवर येतो, दीड सेकंदाचा सव्वावर. लांब विराम लांबच राहतो, छोटा छोटाच. पाऊण तासाच्या कामात पहिला हात म्हणून ही सोय वापरायला हरकत नाही, फक्त आधी पाण्याचा घोट, माइक नीट करणे, मागच्या रांगेतला मोबाइल असे भाग हाताने काढून टाकावेत आणि पवित्र विरामांच्या जागा खूण करून बाजूला ठेवाव्यात.

सभागृहाचं स्वतःचं बोलणंही असतं. पंखे, वातानुकूलन, बाहेरची रिक्षा आणि भिंतींवरून परतणारा घुमणारा आवाज. उंच छताच्या सभागृहात शब्द संपल्यावरही त्याची शेपटी अर्धा-पाऊण सेकंद रेंगाळते. ती शेपटी मध्येच कापली तर कुणीतरी दार आपटून बंद केल्यासारखं होतं. अशा रेकॉर्डिंगमध्ये काप शब्दाला चिकटून घेता येत नाही, शेपटी विरेपर्यंत थांबावं लागतं, म्हणजे घुमणाऱ्या सभागृहातलं व्याख्यान कमीच आवळता येतं. त्याला इलाज रेकॉर्डिंगच्या वेळी आहे: वक्त्याच्या गळपट्टीवर किंवा तोंडाजवळ माइक. तसंच, जिथे विराम वाढवायचा असेल, तिथे संगणकाची कोरी शांतता घालायची नाही. मागचा पंखा एकदम थांबला आणि पुन्हा सुरू झाला, तर कानाला खड्डा पडल्यासारखं वाटतं. त्यासाठी व्याख्यानाआधी, लोक बसल्यावर आणि कुणी बोलत नसताना, मिनिटभर नुसतं सभागृह रेकॉर्ड करून ठेवावं. फितीच्या काळातही अनुभवी संकलक अशी ‘रिकामी’ फीत जपून ठेवत.

चित्रफितीत हे कौशल्य वेगळं होतं. तिथे आवाजाचा जोड लपला तरी वक्त्याची मान उडी मारते. मग त्या क्षणी श्रोते, फलक किंवा दुसऱ्या कॅमेऱ्याचं दृश्य लागतं. एकच कॅमेरा असेल तर ‘अं’ राहू देणं बऱ्याचदा जास्त सभ्य दिसतं.

तपासणी डोळे मिटून करायची. आलेख पाहत ऐकलं की कान डोळ्याचं ऐकतो आणि काप कुठे आहे हे आधीच माहीत असल्याने जोड गुळगुळीत वाटतो. एकेक काप करण्याआधी ऑडॅसिटीत भाग निवडून C ही कळ दाबली, की तो भाग वगळून आधीचं आणि नंतरचं ऐकू येतं. मात्र शेवटची तपासणी दुसऱ्या दिवशी, पूर्ण वेगाने, पडदा बंद करून आणि शक्यतो हे व्याख्यान आधी न ऐकलेल्या माणसाला शेजारी बसवून व्हावी. ‘इथे काहीतरी कापलंय’ असं तो ज्या जागी म्हणेल तिथला काप उघडायचा आणि दहावा-पाचवा सेकंद परत द्यायचा.

मुलाखतीत हे सगळे नियम ढिले पडतात. एखाद्या पदाधिकाऱ्याला ‘हा निर्णय तुम्हीच घेतला का?’ असं विचारलं आणि तो सहा सेकंद गप्प राहून ‘अं… नाही’ म्हणाला, तर ते सहा सेकंद उत्तराचा भाग आहेत. ते कापून ‘नाही’ ठेवणं म्हणजे त्याचं उत्तर बदलणं. उलट, त्याच्या दुसऱ्या कुठल्यातरी विरामाचा तुकडा आणून इथे घालणं हेही तितकंच वाईट. मौखिक इतिहासाच्या संग्रहातही अडखळणं हा पुरावा असतो, कारण आठवण कुठे पक्की आहे आणि कुठे जोडून घेतलेली आहे हे त्यावरून अभ्यासकाला कळतं. तेव्हा श्रोत्यांसाठी आवळलेली प्रत वेगळी करावी, पण सभागृहात जसं रेकॉर्ड झालं तसं, एकही काप नसलेलं मूळ रेकॉर्डिंग तारीख, स्थळ आणि वक्त्याचं नाव घालून दोन ठिकाणी जपून ठेवावं.